खुलासा: नेपाळच्या विक्रम संवतातील महिन्यांचे दिवस

“नेपाळमध्ये जेठ महिना २०८१ साली ३२ दिवसांचा होता आणि २०८२ साली ३१ दिवसांचा. म्हणजे सरकार दरवर्षी मनाला येईल तसे दिवस वाटते.”

आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बदलणारा विक्रम संवत चांद्र तिथींवर चालतो, तर नेपाळचा व्यवहारातला संवत सौर आहे. म्हणून सूर्य मेष राशीत शिरतो तेव्हा, एप्रिलच्या १३-१४ तारखेच्या सुमारास, तिथे वैशाखाची १ तारीख येते.

पुढचा प्रत्येक महिना म्हणजे सूर्याचा एका राशीतला मुक्काम. जुलैच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असल्याने सूर्य संथ भासतो आणि मिथुन ओलांडायला त्याला साधारण ३१ दिवस १५ तास लागतात; धनू मात्र २९ दिवस आणि काही तासांतच संपते. कॅलेंडरात अर्धा दिवस छापता येत नाही, त्यामुळे वरचे तास कोणत्या महिन्याच्या पदरात पडतात, हे सूर्य पुढच्या राशीत शिरण्याच्या, म्हणजेच संक्रांतीच्या, वेळेवर ठरते. वर्ष ३६५ दिवसांहून सुमारे सहा तासांनी मोठे असल्याने ही वेळ दरवर्षी तेवढी पुढे सरकते. म्हणूनच २०८१ मध्ये जेठ ३२ आणि त्यानंतरचा असार, म्हणजे आषाढ, ३१, तर २०८२ मध्ये नेमके उलट झाले; दोन्ही महिन्यांची बेरीज ६३ च राहिली.