पांढरा म्हणजे वैधव्य, आणि इतर सोप्या गोष्टी

लग्नसराई जवळ आली की पुरवणीवाल्यांना एकच उबळ येते. फोन येतो, "ताई, वधूवस्त्रांच्या रंगांवर आठशे शब्द द्या ना, जरा सांस्कृतिक." तुम्हालाही असा फोन आला तर घाबरू नका. मी वीस वर्षं हेच लिहितेय, आणि गेल्या महिन्यात या विषयातलं माझं शिक्षण एकदाचं पूर्ण झालं. ते स्वतःपुरतं ठेवणं बरं नव्हे.

सुरुवात तक्त्याने करा. डावीकडे रंग, उजवीकडे अर्थ. लाल म्हणजे सौभाग्य, हिरवा म्हणजे सुफलता, पिवळा म्हणजे मांगल्य, काळा म्हणजे अशुभ, पांढरा म्हणजे वैधव्य. एका रंगाला एकच अर्थ द्यायचा, नाहीतर चौकट वाकडी दिसते. आणि क्रियापद एकच वापरायचं: ‘मानला जातो’. फार गुणी क्रियापद आहे हे. कोण मानतं, कुठे मानतं, कधीपासून मानतं, कशाचाच पत्ता द्यावा लागत नाही. गाव नाही, जात नाही, साल नाही. भांडायला यायचं तर माणूस येणार कुणाकडे?

काळ्याचा तेवढा थोडा त्रास होईल. तक्त्यात ‘अशुभ’ लिहून झाल्यावर आठवतं की लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडीच नेसवतात, वर हलव्याचे दागिने घालून तिचे फोटो काढतात, आणि तिच्या गळ्यात रोज काळे मणी असतात ते वेगळेच. अशा वेळी ‘काळा रंग उष्णता शोषून घेतो, थंडीच्या दिवसांत त्यामागे शास्त्र आहे’ असं लिहायचं की झालं. पंधरा दिवसांनी, थंडी तशीच असताना, तीच काळी साडी नेसून ती चुलत नणंदेच्या लग्नाला निघाली तर सासूबाई दारातच अडवतात. तेव्हा ती उष्णता कुठे जाते, हे विचारू नका. शास्त्र आहे म्हटल्यावर पुढे विचारायचं नसतं.

चीनवर एक ओळ पुरे: लाल शुभ, पांढरा शोकाचा. तिथल्या कितीतरी मुली लग्नाच्या फोटोंसाठी पांढरा गाऊन घालतात आणि जेवणावळीला लाल, हे सांगून वाचकाचा गोंधळ कशाला करायचा?

नवरात्राचे नऊ रंग ‘आपल्या प्राचीन परंपरेत’ घाला. ‘प्रत्येक रंग देवीच्या एकेका रूपाचा’ हे वाक्य तर जरूर टाका. फक्त मागच्या वर्षांच्या याद्या कुणाच्या हाती लागू देऊ नका. २०२२ ला घटस्थापना सोमवारी होती, पहिला रंग पांढरा होता. २०२३ ला ती रविवारी आली, पहिला रंग नारिंगी झाला. २०२४ ला गुरुवार, पिवळा. पहिल्या दिवसाची देवी मात्र तिन्ही वर्षं शैलपुत्रीच होती. म्हणजे रंग देवीवरून ठरत नाही, वारावरून ठरतो, आणि ही टूम एका मराठी वर्तमानपत्राने याच शतकाच्या सुरुवातीला काढलेली आहे. लोकलच्या डब्यात अख्खा ग्रुप एका रंगात बघायला मलाही आवडतं. माझ्याकडे त्यासाठी घेतलेली करड्या रंगाची साडी आहे, एरवी करडी कोण घेतं! पण ‘आमच्या ऑफिसात वीस वर्षांपासून चालतं’ असं लिहिलं तर त्यात प्राचीन काय राहिलं?

पश्चिमेकडे पांढरा म्हणजे पावित्र्य, हे अनादि काळापासून आहे असं समजा. राणी व्हिक्टोरिया १० फेब्रुवारी १८४० ला पांढऱ्या साटिनमध्ये उभी राहिली आणि मग हळूहळू तो रिवाज पसरला, हे विसरा. त्याआधी तिकडची साधी मुलगी आपल्याकडचा चांगल्यातला चांगला कपडा घालायची, मग तो निळा असो की तपकिरी, आणि तोच पुढे रविवारी चर्चला वापरायची. एकदाच घालून ठेवून द्यायचा पांढरा कपडा कुणाला परवडतो? पावित्र्याच्या आधी तिथे ऐपत होती. आणि ‘ख्रिस्ती वधू म्हणजे पांढरा’ असं लिहिताना गोव्याकडे पाठ करून बसा. तिथल्या कॅथलिक घरांत चर्चमधला गाऊन पांढरा खरा, पण सासरकडून येतो तो साडो, आणि तो लाल असतो. शिंप्याने त्याला पहिली कात्री लावली की पूर्वी फटाके वाजवायचे. एकाच मुलीच्या एकाच लग्नात दोन रंग, आणि दोघांचे मान वेगळे. तक्त्यात कसं बसवणार?

आता पांढरा. इथे मात्र लक्ष द्या, कारण माझं शिक्षण इथेच पूर्ण झालं.

‘महाराष्ट्रात लाल सौभाग्याचा आणि पांढरा वैधव्याचा’ हे वाक्य तुम्ही डोळे मिटून लिहाल. मीही लिहिलं आहे, दोनदा तरी. आमच्या घरी आजीच्या आत्याचा एक फोटो आहे. वाड्याच्या ओट्यावर बसलेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, हातात काही नाही. फोटो काळापांढरा, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, हिने पांढरं नेसलंय. एकदा आजी म्हणाली, "पांढरं कुठलं, आलवण आहे ते. तांबडं." ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या बाईला नेसावं लागायचं ते जाडंभरडं आलवण लाल होतं. शालूही लाल आणि आलवणही लाल. मग ‘लाल म्हणजे सौभाग्य’ हे त्या आत्याला सांगायला कुणाला पाठवू? आजी म्हणायची, आलवणाचा लाल आणि शालूचा लाल कुणी शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही कळेल. एकाला जर, एकाला काठसुद्धा नाही. बरं, हेही सगळ्या महाराष्ट्राचं नव्हे. ज्या जातींत पाट लावायची रीत होती, तिथल्या विधवेला आलवण माहीतही नव्हतं.

आणि शेजारच्या गुजराती काकूंच्या मुलीचं पानेतर कुणी पाहिलंय का? पांढरं अंग, लाल काठ, मामाने दिलेलं. ते नेसूनच ती मांडवात बसते. सासरचं लाल घरचोळं नंतर अंगावर येतं. मुंबईत एकाच जिन्यावर, समोरासमोरच्या दारांत, पांढऱ्याचे दोन अर्थ राहतात आणि पुरवणीत ‘भारतीय संस्कृतीत पांढरा निषिद्ध’ छापून येतं.

तर गेल्या महिन्यात मी असा एक लेख दिला. त्यात नागपूरच्या एका मैत्रिणीच्या घरावर परिच्छेद होता. तिच्या आईने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं होतं: ‘या घरात नवरी पांढरी साडी नेसते. आजी १९६४ साली, आई १९९० साली आणि मुलगी गेल्या वर्षी, तिघीही मंगल परिणयाला पांढऱ्यातच उभ्या राहिल्या. आजी सांगते, बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा दीक्षाभूमीवर जमलेली माणसं पांढऱ्या कपड्यांत होती, तेव्हापासून आमच्याकडे तोच रंग.’ सोबत मुलीचा फोटो होता. पांढरी साडी, बारीक सोनेरी काठ, हातात हार, मागे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर.

छापून आलं ते असं: ‘भारतात पांढरा रंग वैधव्याचा मानला जातो. मात्र आजची बंडखोर वधू तोही बिनधास्त निवडते आहे!’ खाली तोच फोटो. मागची मूर्ती आणि तसबीर कापलेली, कारण ‘फ्रेममध्ये गर्दी होत होती’.

मैत्रिणीचा फोन आला. ती चिडली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, "आजीला वाचून दाखवलं गं. ती विचारतेय, आपण कुणाविरुद्ध बंड केलं? आपण तर आपल्या रीतीनं लग्न केलं."

साठ वर्षांची, तीन पिढ्यांची रीत एका ‘मात्र’ने खोडून टाकली तुम्ही! आणि वर त्या मुलीला शाबासकी दिलीत, जी तिने मागितली नव्हती! चाळीस शब्द जास्त होत होते म्हणे. अहो, ‘बिनधास्त’ काढला असता तर आजीचं वर्ष बसलं असतं! ‘भारतात’ म्हणजे नेमकं कुणाच्या घरात हो? तुमच्या, एवढंच ना? मग तुमच्या असं लिहा. ‘आमच्या पुण्यातल्या घरात माझ्या आजीला पांढरं चालायचं नाही’ हे वाक्य खरं आहे आणि त्याने कुणाची आजी खोटी पडत नाही. कपडा कुणी नेसला, कुठल्या विधीला, कुणाकडून आला, कुठल्या सालापासून, आणि त्याचा अर्थ तुम्हाला सांगितला कुणी, एवढं विचारायला एक फोन पुरतो. आजी कारण सांगत असेल तर ‘आजी सांगते’ लिहा. ती म्हणाली ‘माहीत नाही, सासूनं नेसवलं म्हणून नेसले’, तर तेही लिहा. बऱ्याचदा तेच खरं असतं. पण नेसणं डोळ्यांनी बघायचं आणि त्यामागचं कारण तक्त्यातून चिकटवायचं, हा धंदा बंद करा.

आणि मलाही सुटका नाही. फोन ठेवताना मी तिला म्हटलं, पुढच्या अंकात खुलासा छापायला लावते, ‘बौद्ध वधू पांढरं नेसतात’ असा. ती लगेच म्हणाली, "असंही नको लिहूस. माझ्या मामेबहिणीनं मोतिया नेसली होती, आणि रिसेप्शनला सगळ्याच जणी रंगीत नेसतात." वीस वर्षं लिहून माझा पहिला हात तक्त्याकडेच गेला.

खुलासा मी ‘आमच्या मैत्रिणीच्या घरात’ असाच लिहून पाठवला. आठ दिवसांनी पुरवणीवाल्यांचा फोन आला. खुलाशाचा विषय नाही. "ताई, आता हिरव्यावर द्या, चुडा वगैरे, परवापर्यंत." मी विचारलं, "कुणाच्या घरातला हिरवा?" पलीकडून उत्तर आलं, "म्हणजे जनरलच हो."