सन्मानिका कुणाच्या तोंडचा घास काढत नाही

«मदतनिधीचा कार्यक्रम आहे ना? मग एकही फुकट पास देऊ नका, एक पास म्हणजे गरजूच्या तोंडचा एक घास. सगळ्यांना एकच दर ठेवा, दानात लहानमोठं नसतं. आणि प्रवेशिकेचे पैसे परत मागणं म्हणजे दिलेलं दान परत मागणं. हे प्रत्येक आयोजकापर्यंत पोहोचवा.»

गेली बरीच वर्षं मी अशा मैफिलींच्या तिकीटखिडकीवर बसतो. हा संदेश वाचून दोन तरुण मंडळांनी आपली योजना बदलली, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी दराचं बघू. उदाहरणादाखल 800 खुर्च्यांचं नाट्यगृह घ्या. भाडं, ध्वनी-प्रकाश, कलाकारांचं मानधन आणि प्रवास, छपाई, परवाने मिळून खर्च 2,60,000. सरसकट 500 रुपये ठेवले की पुढच्या रांगेसाठी 1,500 आनंदाने मोजणारा माणूसही 500 च देतो आणि बाल्कनीत 500 देऊन बसायला फारसं कुणी तयार नसतं. समजा 500 खुर्च्या गेल्या. जमा 2,50,000, म्हणजे निधी दूरच, 10,000 खिशातून.

आता तेच नाट्यगृह तीन दरांत विका. पुढच्या 120 खुर्च्या 1,500 ला, मधल्या 380 खुर्च्या 500 ला, बाल्कनीच्या 250 खुर्च्या 250 ला आणि 50 खुर्च्या सन्मानिकांसाठी. पुढच्या 90, मधल्या 340 आणि बाल्कनीतल्या 220 गेल्या, तर जमा होतात 3,60,000. खर्च जाऊन निधीला एक लाख उरतो, आणि ज्याची ऐपत 250 ची आहे तोही गाणं ऐकतो.

दर ठरवताना एक खाचखळगा सांभाळा. संगीताच्या कार्यक्रमाचा प्रवेश माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्यावर गेला की 18 टक्के. संस्था जीएसटीत नोंदलेली असेल आणि तुम्ही करासकट 550 लावलेत, तर हातात 466 च येतात. म्हणजे 500 लावण्यापेक्षाही कमी. तिकिटावर ‘देणगी प्रवेशिका’ छापल्याने यात फरक पडत नाही; पैशांच्या बदल्यात खुर्ची दिली की ते तिकीटच. आयकर सवलतीची पावतीसुद्धा खुर्चीच्या पैशांवर फाडू नका. कुणी वर वेगळी देणगी दिली, तर तिची द्या, आणि 2,000 च्या वरची रोख असेल तर सवलत मिळत नाही हे त्यांना आधीच सांगा.

सन्मानिकांचं गणित याच प्लॅनवर दिसतं. 650 विकल्या, 50 सन्मानिका गेल्या, तरी 100 खुर्च्या रिकाम्या राहिल्या. म्हणजे त्या पन्नासांनी एकाही गिऱ्हाइकाची जागा अडवली नाही. शिवाय त्यातल्या काही फुकट नसतातच: ज्या व्यापाऱ्याने ध्वनिव्यवस्थेचा खर्च उचलला, त्याच्या चार खुर्च्या त्या बोलीतच धरलेल्या असतात.

संदेशातली भीती मात्र एका ठिकाणी खरी आहे. समितीतला माणूस शेजाऱ्याला, साडूला, कचेरीतल्या साहेबांना सन्मानिका वाटतो, तेव्हा जो 500 देऊन आलाच असता तोच फुकट येतो. हे नुकसान खरं. त्यावर आमच्याकडे एक वही आहे: क्रमांक, कुणाला, कुणी दिली, सही. दुसरं म्हणजे सन्मानिकेवर छापतो, ‘कार्यक्रमाआधी 15 मिनिटांपर्यंतच जागा राखीव’. एकदा हे छापलं नव्हतं. दुसरी रांग सबंध सन्मानिकांची, निम्मे आलेच नाहीत, आणि खिडकीवर ‘पुढचं काही आहे का’ विचारत आलेल्या कुटुंबाला मी बाल्कनी दिली. ती रांग पहिल्या गाण्यापासून डोळ्यांत खुपत होती. तेव्हापासून सन्मानिका पाचव्या रांगेपासून मागे आणि कडेच्याच.

परताव्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. माणूस पैसे देतो ते गाणं ऐकण्यासाठी. गाणंच झालं नाही तर ते पैसे त्याचे आहेत. कार्यक्रम रद्द झाला तर पूर्ण परत. तारीख पुढे गेली तर जुनं तिकीट चालेल किंवा पैसे मिळतील, निवड त्याची. त्यालाच यायला जमत नसेल तर परतावा नाही, पण तिकीट दुसऱ्याला देता येईल. या तीन ओळी तिकिटाच्या मागे छापाव्यात, भांडण झाल्यावर ठरवू नयेत.

एका संस्थेने विक्री होताच रुग्णालयाला धनादेश दिला आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गायकाचा घसा बसला. परत द्यायला पैसेच नव्हते. चार जणांनी उसनवारी केली. म्हणून तिकिटांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि पडदा पडेपर्यंत तिला हात लावू नका.

आमचा एक कार्यक्रम पावसाने रद्द झाला, तेव्हा आम्ही प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर दोन चौकोन होते, ‘रक्कम परत हवी’ आणि ‘रक्कम निधीला द्यावी’. शेवटची तारीखही त्यावरच होती. खिडकीवर एक आजी तिकिटाचा अर्धा तुकडा घेऊन आल्या, पहिल्या चौकोनावर खूण केली, 250 रुपये मोजून घेतले आणि त्यातले 100 देणगीपेटीत टाकून गेल्या.