चार खान्यांचा तक्ता आणि "वरचा डावा आधी" हा सल्ला: मला पटत नाही, कारणं सांगतो

"छोट्या टीमला प्लॅनिंगसाठी एवढंच पुरतं. भिंतीवर चार खाने काढा, आडवा अक्ष मेहनतीचा, उभा फायद्याचा. सगळ्यांनी मिळून स्टिकी नोट लावा. वरचा डावा खाना म्हणजे क्विक विन, तो आधी संपवा, मग वरचा उजवा, मग खालचा डावा, आणि खालचा उजवा सरळ कचऱ्यात. आयझेनहॉवर पण हेच करायचे. अर्ध्या तासात महिन्याचं काम ठरतं."

हा मेसेज गेल्या दोन महिन्यांत मला निदान पाच ग्रुपवर आलाय, आणि खरं सांगायचं तर आम्ही तो जसाच्या तसा वापरून बघितला म्हणूनच लिहितोय. आम्ही पाच जण आहोत, दिवाळीचा फराळ ऑनलाईन ऑर्डरवर विकतो, चकली चिवडा अनारसे वगैरे, ऑर्डरी बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. शीट, वेबसाईट, हिशोबाची जुळणी ही सगळी कामं आमच्यातला एकच मुलगा करतो, बाकीचे पॅकिंग, फोन आणि खरेदीत असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं आधी मिटवून टाकतो. त्यांच्या नावाने जो चौकोन फिरतो त्यात तातडीचं आणि महत्त्वाचं असे दोन अक्ष असतात, मेहनत त्यात कुठेच नाही. दोन्हीला चार खाने आहेत म्हणून लोक एकच समजतात, पण प्रश्न वेगळा आहे. तिथे प्रश्न असतो की हे आज बघायचं का आणि मीच बघायचं का, आणि इथे असतो की आमचे मोजके दिवस कशावर घालवायचे.

आता मुख्य मुद्दा, तो म्हणजे खान्यांचा क्रम. आमच्या भिंतीवर त्या दिवशी सतराएक नोटा होत्या, त्यातल्या तीनच घेतो. एक, पेमेंटची जुळणी, म्हणजे यूपीआयने आलेले पैसे आणि ऑर्डरी आपोआप जुळवणारी शीट, मेहनत 4 दिवस, आठवड्याला 12 तास वाचणार. दोन, स्टॉकची शीट, कारण भाजणीची चकली संपलेली असताना ऑर्डर घेतली जायची आणि मग एकेका गिऱ्हाईकाला फोन करून माफी मागत बसायचो, मेहनत 6 दिवस, वाचणार 30 तास. तीन, ऑर्डर घेतानाच पत्ता आणि पिनकोड नीट भरून घेणारा फॉर्म, मेहनत 1 दिवस, वाचणार 9 तास. मधल्या रेघा आम्ही 5 दिवसांवर आणि 10 तासांवर मारल्या होत्या, गोल आकडे म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं.

म्हणजे पेमेंट गेलं क्विक विनमध्ये, स्टॉक गेला मोठ्या प्रोजेक्टमध्ये, आणि पत्त्याचा फॉर्म 10 ला एक तास कमी पडला म्हणून "वेळ मिळाला तर" वाल्या खान्यात. मेसेजप्रमाणे क्रम लागला पेमेंट, स्टॉक, पत्ता.

पण एका दिवसाच्या मेहनतीमागे प्रत्येक काम काय देतं ते बघा. पेमेंट 12 भागिले 4 म्हणजे 3. स्टॉक 30 भागिले 6 म्हणजे 5. पत्ता 9 भागिले 1 म्हणजे 9. बरोब्बर उलटा क्रम! ज्याला आम्ही शेवटी टाकलं तेच सगळ्यात भारी काम होतं.

हे नुसतं कागदावरचं नाही, तास मोजता येतात. आठवडा सहा दिवसांचा धरला तर पेमेंट झालं नाही तोवर रोज 2 तास जातात, स्टॉकचे 5, पत्त्याचे दीड. खान्यांच्या क्रमाने गेलं तर पेमेंट चौथ्या दिवशी संपतं, स्टॉक दहाव्या, पत्ता अकराव्या, तोवर वाया गेलेले तास 8 अधिक 50 अधिक साडेसोळा, म्हणजे साडेचौऱ्याहत्तर. भागाकाराच्या क्रमाने गेलं तर पत्ता पहिल्या दिवशी, स्टॉक सातव्या, पेमेंट अकराव्या, आणि वाया गेलेले दीड अधिक 35 अधिक 22, म्हणजे साडेअठ्ठावन्न. दोन्हीकडे अकराच दिवस, कामं तीच, माणूस तोच, आणि 16 तासांचा फरक. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात 16 तास म्हणजे काय ते फराळवाल्याला विचारा.

असं का होतं, तर आपण आडवी आणि उभी रेघ मारतो, आणि खरी रेघ तिरकी असते. खालच्या डाव्या कोपऱ्यातून, जिथे मेहनत शून्य आणि फायदा शून्य, तिथून प्रत्येक ठिपक्यापर्यंत पट्टी ठेवा. ज्याची पट्टी जास्त उभी ते काम आधी, मग तो ठिपका कुठल्याही खान्यात असू दे. हा नियम काही माझा नाही, 1956 साली वेन स्मिथ यांनी सिद्ध केलेला आहे: एकच मशीन असेल, कामं एकामागून एक करायची असतील, तर वजन, म्हणजे ते काम रखडल्याचा रोजचा तोटा, भागिले वेळ हे ज्याचं जास्त ते आधी घ्या, म्हणजे वाट बघण्याचा एकूण तोटा कमीत कमी होतो. आमचा शीट करणारा मुलगा हेच ते एक मशीन. म्हणून मेहनत मोजताना पाचही जणांचे दिवस बेरजेत घालू नका, जो माणूस कमी पडतो त्याचेच दिवस मोजा. पॅकिंगवाल्या ताईंचा अर्धा दिवस लागला तरी आमची रांग त्याने लांबत नाही. एक्सेलमध्ये करायला तर दोन मिनिटं पण लागत नाहीत, बी कॉलममध्ये दिवस, सी मध्ये वाचणारे तास, आणि डी मध्ये दुसऱ्या ओळीत हे लिहून खालपर्यंत ओढा, मग मोठ्याकडून छोट्याकडे सॉर्ट करा:

```
=C2/B2
```

आणि रेघेचंच बघायचं तर ती 5 ऐवजी 7 दिवसांवर मारली असती तर स्टॉकची शीट पण क्विक विन झाली असती, 10 ऐवजी 8 तासांवर मारली असती तर पत्त्याचा फॉर्म पण झाला असता. कामात काही बदल नाही, फक्त रेघ सरकली. जे उत्तर रेघ कुठे मारली त्यावर बदलतं त्याच्यावर महिन्याचं काम कसं ठरवायचं?

खालचा उजवा खाना कचऱ्यात टाकायचा हे तर मला धोक्याचंच वाटतं. आमच्याकडे शून्य फायद्याच्या दोन नोटा होत्या, पहिली त्याच खान्यात, दुसरी त्याच्या शेजारी खालच्या डाव्यात. एक अन्न परवान्याच्या नूतनीकरणाची, कागदपत्रं गोळा करायला मेहनत भरपूर, वाचणारे तास शून्य. दुसरी सगळ्या पदार्थांना एकसारखे कोड द्यायची, कारण कोणी "भा.चकली अर्धा" लिहायचं, कोणी "चकली 500", कोणी नुसतं "चकली", आणि यातूनसुद्धा थेट तास वाचत नव्हते.

परवान्याचं काम आज केलं काय आणि पुढच्या महिन्यात केलं काय, फायदा शून्यच, पण मुदत संपली असती तर दुसऱ्या दिवशी पाकीट विकता आलं नसतं. या तक्त्यात तारखेला जागाच नाही, दोन्ही अक्ष भलत्याच गोष्टींचे आहेत. त्यामुळे ज्या नोटेला मुदत आहे ती तक्त्यावर लावूच नये, ती कॅलेंडरवर जाते, मुदतीच्या आधी जितके दिवस लागतील तितके मागे मोजून. कोडचं प्रकरण वेगळं आहे, कोड नसतील तर स्टॉकची शीट चालणारच नाही, ती तीन चकल्या वेगवेगळ्या मोजेल. अशा दोन नोटा एकत्र बांधून एकच ठिपका करायचा, 2 दिवस कोडचे अधिक 6 शीटचे म्हणजे 8 दिवस, फायदा 30 तास, भागाकार पावणेचार. 5 वरून खाली आला, तरी पेमेंटच्या 3 पेक्षा वरच राहिला, म्हणून आमचा क्रम तोच राहिला. कोडला 5 दिवस लागले असते तर 30 भागिले 11, म्हणजे पावणेतीनच्या आसपास, मग पेमेंट आधी घ्यावं लागलं असतं. कोडची नोट फायदा शून्य म्हणून बाजूला टाकली असती तर हे आम्हाला चौथ्या पाचव्या दिवशी, काम अर्धवट असताना कळलं असतं.

राहिलं "सगळ्यांनी मिळून नोट लावा" हे. यात सगळ्यात जास्त घोळ होतो असं माझं मत आहे. मिळून म्हणजे प्रत्यक्षात काय होतं तर जो आधी बोलतो, किंवा ज्याचे पैसे लागलेत तो, एक जागा दाखवतो आणि बाकीचे नोट इकडे तिकडे दोन बोटं सरकवतात. आमच्याकडे पहिल्या वेळी सतरातल्या अकरा नोटा वरच्या डाव्या खान्यात गेल्या होत्या, ही खूण ओळखून ठेवा, निम्म्याच्या वर नोटा क्विक विन झाल्या तर अंदाज गोड झालेत असं समजायचं. आपलं काम किती वेळात होईल हे माणूस बहुतेक वेळा कमीच सांगतो, मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच हे मांडलंय आणि त्याला प्लॅनिंग फॅलसी म्हणतात.

दुसऱ्या वेळी आम्ही बोलणंच बंद केलं. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर दिवस लिहायचे, आणि सगळ्यांनी एकदम उलटायच्या. सॉफ्टवेअरवाले याला प्लॅनिंग पोकर म्हणतात. पेमेंटच्या जुळणीला चार जणांनी 2 ते 4 लिहिलं आणि पॅकिंगवाल्या ताईंनी 8. आधी आम्हाला वाटलं त्यांना शीटचं काय माहीत, पण विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अहो पैसे एका फोनवर येतात का? तीन फोनवर येतात, आणि निम्मी माणसं नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नंबरवरून पाठवतात, नावच जुळत नाही." हे शीट करणाऱ्याला माहीतच नव्हतं. सरासरी काढून तीन-चार लिहिलं असतं तर ही माहिती गेली असती. म्हणून आकडे जिथे दुप्पट-तिप्पट लांब आहेत तिथेच थांबून बोलायचं, बाकी नोटांवर वेळ घालवायचा नाही.

आणि अशा कामाला ठिपका लावू नका, आडवी पट्टी काढा, 4 पासून 8 पर्यंत. पेमेंटचा भागाकार मग 3 ते दीड असा येतो, दोन्ही टोकांना तो शेवटीच राहतो, म्हणजे वाद घालायची गरजच नाही. पट्टीच्या दोन टोकांनी क्रम बदलत असेल तरच अर्धा दिवस खर्च करून ते काम आतून बघून यायचं.

तक्ताच नको असं माझं म्हणणं नाही. चाळीस कल्पना असतील आणि त्यातल्या पंचवीस काढून टाकायच्या असतील तर अर्धा तास भिंतीसमोर उभं राहणं चांगलंच आहे, ठिपके पसरलेले दिसतात, कोणाच्या डोक्यात काय आहे ते कळतं. पण उरलेल्यांचा क्रम लावायचं काम त्याचं नाही, ते भागाकाराने, कॅलेंडरने आणि बांधलेल्या नोटांनी करायचं.

आम्ही आता तक्त्याचा फोटो काढून ठेवतो आणि काम संपलं की त्याच नोटेवर खरे लागलेले दिवस लाल पेनने लिहितो. पत्त्याचा फॉर्म 1 चा 1 झाला, स्टॉक कोडसकट 8 चा 9, आणि पेमेंटची जुळणी 4 ची 7 झाली, ताईंच्या आकड्याच्या अगदी जवळ. तेव्हापासून ज्या कामात तीन फोन येतात त्याचा अंदाज आधी त्यांनाच विचारतो.