साखरपुड्याच्या फोटोतली नवरी हेल्मेट घातल्यासारखी का दिसते?

साताऱ्या-सांगलीकडचे साखरपुड्याचे अल्बम चाळताना एक गोष्ट सारखी खटकते. साधा करडा पडदा, छान लाइट, अंबाड्याला गजरा, आणि डोक्याची कड मात्र कात्रीने कापल्यासारखी. एकही केस बाहेर नाही. भुरभुरे केस काढायला सांगितले होते, एडिटरने केसांची कडच काढून टाकली. माझं स्पष्ट मत आहे की पडदा साधा असताना केस सिलेक्ट करून नव्या पडद्यावर चिकटवणं हा उलटा उद्योग आहे. पडदा तर फोटोत आहेच, तोच थोडा केसांवर ओढायचा.

उदाहरण घेऊ. २४ मेगापिक्सेलचा उभा फोटो, ४००० × ६००० पिक्सेल, काळे केस, फिकट करडा पडदा. सुटा केस इथे साधारण २ ते ४ पिक्सेल जाड दिसतो. फोटोशॉपमध्ये वर एक रिकामी लेयर घ्या आणि त्या लेयरचा ब्लेंड मोड Lighten करा. पडदा उचलून केसांवर रंगवणाऱ्या क्लोन स्टॅम्पचा मोड Normal, सॅम्पल Current & Below. बरेच जण टूलचाच मोड Lighten करतात आणि रिकाम्या लेयरवर काम करतात. तिथे त्याला तुलना करायला खाली काहीच नसतं, म्हणून तो नॉर्मलसारखाच रंगवतो. मग ‘लायटन चालत नाही’ अशी तक्रार.

Lighten जिथे पडदा केसापेक्षा उजळ आहे तिथेच बदल करतो. त्यामुळे पडद्यापेक्षा उजळ असलेला पांढरा गजरा आपोआप वाचतो. पण केसांचा मुख्य गोळा वाचत नाही हो! तोही काळाच, ब्रश त्यावर गेला की पडदा चढणारच. ती कड हातानेच सांभाळायची.

डोक्यापासून लांबचे केस सोपे. २५-३० पिक्सेलचा मऊ ब्रश, झालं. सॅम्पल मात्र शेजारचाच घ्या. पडद्यावर मधे उजेड आणि कडेला अंधार असेल तर सॅम्पल उजेडाच्या मध्यापासून तेवढ्याच अंतरावरचा हवा, नाहीतर डाग उठतो. आयएसओ जास्त असेल तर आणखी एक गंमत होते. दाणे दोन्हीकडे असतात आणि Lighten त्यातला उजळ दाणा निवडतो, म्हणून रंगवलेला भाग किंचित उजळ आणि गुळगुळीत होतो. लांबच्या केसांना अशा वेळी साधी Normal लेयरच बरी.

खरी परीक्षा कडेला. ब्रश ८ ते १२ पिक्सेल, हार्डनेस ५० च्या आसपास. इथे हीलिंग ब्रश नको, तो शेजारचा काळा रंग पडद्यात ओढतो आणि डोक्याभोवती धुरकट वलय येतं. स्ट्रोक बाहेरून आत, केसाच्याच दिशेने घ्या आणि मुळापर्यंत जाऊ नका. शेवटच्या थोड्या भागात फ्लो २०-३० टक्के करा, म्हणजे केस तुटल्यासारखा न दिसता निमुळता होत संपतो.

कोणता केस काढायचा? जो प्रवाहाला आडवा जातो, भांगावर काटकोनात उभा राहतो, गोल फास करतो किंवा डोळ्यावरून जातो तो. जो विंचरलेल्या दिशेनेच वाहतो आणि कडेपासून जरासाच सुटतो, तो ठेवा. कानाजवळची बारीक बट तर हमखास ठेवा. हिवाळ्यात हवा कोरडी असली की केस जास्तच उभे राहतात, तेव्हा सगळे नाही तरी गर्दी कमी करा.

मागून लाइट असेल तर तोच केस सोनेरी, पडद्यापेक्षा उजळ होतो. त्यावर Lighten काही करणार नाही, दुसरी लेयर Darken ची घ्या. अर्धा केस उजळ, अर्धा काळा असेल तर दोन्ही लेयर लागतात.

झालं असं वाटलं की सर्वांत वर कर्व्हजची एक तात्पुरती लेयर टाका आणि पडद्याच्या टोनपाशी रेघ एकदम उभी करा. लपलेले ठिपके, वलय, एकच नमुना पुन्हा पुन्हा आलेला, सगळं उघडं पडतं. दुरुस्त करा आणि ती लेयर उडवा. मग २५ टक्के झूमवर बघा. कड अजूनही हेल्मेटसारखी वाटली तर नव्या Normal लेयरवर २-३ पिक्सेलच्या ब्रशने, शेजारच्या केसाचाच रंग उचलून, सहा-सात केस परत काढा. शुद्ध काळा वापरू नका. मागच्या बाजूचा अंबाडा फोकसबाहेर असेल तर तिथल्या केसांना ०.५ ते १ पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, नाहीतर धूसर अंबाड्यावर धारदार तारा दिसतील, आणि बारा बाय अठराच्या पानावर त्या आधी दिसतात, नवरी नंतर.