चेक बाउन्स करायचा तर असा करा

चेकवर सही करताना पेन जरा दाबून धरावं. सही ठसठशीत आली पाहिजे. रक्कम अक्षरी लिहावी, पुढं ‘फक्त’ लिहावं, म्हणजे समोरच्याला धीर येतो. खात्यात किती आहेत हे त्या वेळी अजिबात आठवू नये. आठवलं की हात कापतो आणि सही जुळत नाही, मग चेक त्याच कारणानं परत येतो. तसल्या फुटकळ कारणानं बाउन्स होण्यात काय मजा?

समजा तुमची कोल्हापुरात, उद्यमनगरात दोन लेथची शेड आहे. शिरोलीच्या फौंड्रीवाल्याचं कास्टिंगचं बिल थकलंय, 2,40,000 रुपये. तुमच्या खात्यात 31,000. तुम्ही 5 जानेवारी 2026 तारखेचा चेक फाडता आणि म्हणता, “टाका की बिनधास्त, पार्टीचं पेमेंट येणारच हाय.” पार्टी पुण्याची. तुम्हाला तिचा भरवसा आहे, कारण गेले चार महिने ती हेच सांगतेय.

पूर्वी या धंद्यात थोडी सवड होती. चेक टाकल्यापासून वटेपर्यंत एक-दोन दिवस जायचे, तेवढ्यात मेव्हण्याकडून हातउसने आणून खात्यात ओतता यायचे. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेनं दिवसभर क्लिअरिंग चालू ठेवायची पद्धत आणली आणि ही कला मोडीत निघाली. आता बुधवारी, 7 तारखेला सकाळी टाकलेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी लागतो. फौंड्रीवाल्याच्या हातात रिटर्न मेमो पडतो, त्यावर कारण छापलेलं असतं: फंड्स इनसफिशियंट. तुमची बँक काही शे रुपये आणि वर जीएसटी कापते. 31,000 मधून कापते, म्हणजे शिल्लक आणखी अपुरी होते. बँकेचा हा विनोद मला नेहमी आवडतो. तिकडं त्या बिचाऱ्याच्या खात्यातूनही कापतात, त्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला म्हणून.

आता खरा जाणकार इथं डोकं चालवतो. “स्टॉप पेमेंट द्यायला पायजे होतं राव, मग केस होत न्हाई,” असं कट्ट्यावरचा कुणीतरी हमखास सांगेल. त्याच्यावर विश्वास ठेवा. 1998 मध्येच सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, की खात्यात पैसे नसताना स्टॉप पेमेंट दिलं तरी चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम 138 लागू शकतं. पण कट्ट्यापर्यंत निकाल पोचायला वेळ लागतो. खातं बंद केलं तरी सुटका नाही, हे 1999 मध्ये ठरलं. “मी सही करून कोरा दिला होता, आकडा त्यानं भरला,” हेही सांगून बघा. 2019 च्या निकालानुसार सही तुमची असेल आणि देणं फेडायला तुम्हीच तो दिला असेल, तर चेक देण्यापोटीच दिला असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं.

मग येते नोटीस. मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत फौंड्रीवाल्यानं ती लेखी पाठवायला लागते, नाहीतर त्या मेमोवरची केस गेली. तो 20 जानेवारीला पाठवतो. गुरुवारी, 22 तारखेला पोस्टमन दारात. इथं धैर्य दाखवायचं. स्कूटर अंगणात, तुम्ही माजघरात, आणि वहिनी दारातून सांगतात, “ते गावाला गेलेत, आणि हे टपाल आम्ही घेत न्हाई.” पोस्टमन पाकिटावर पेनानं ‘घेण्यास नकार’ लिहितो आणि निघून जातो. तुम्ही जिंकलात असं वाटू द्या. बरोबर पत्त्यावर गेलेली नोटीस पोचली असंच धरतात, हा निकाल 2007 चा आहे. मोजायला दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करायची, आणि 15 दिवस 6 फेब्रुवारीला संपतात. त्या 15 दिवसांत पैसे दिले तर गुन्हाच होत नाही. असला सोपा मार्ग शूरांना शोभत नाही.

शेजारच्या शेडमधला कच्चा माणूस बघा. त्याच फौंड्रीवाल्याला दिलेला, तेवढ्याच रकमेचा चेक त्याचाही परत आलेला. नोटीस त्यालाही 22 तारखेलाच आली. त्यानं ती घेतली, वाचली, आणि तिसऱ्या दिवशी गाडीला किक मारून शिरोलीला. लाज कशी वाटली नाही म्हणतो मी! नोटिशीत व्याज आणि वकिलाची फी धरून 2,58,000 मागितले होते. वकिलानं त्याला सांगितलं, की फौजदारी टाळायला चेकचे 2,40,000 मुदतीत पोचले की पुरे. वरच्या 18,000 चं भांडण दिवाणी आहे, ते वेगळं. पण याच्याकडं तेवढेही एकदम नव्हते. “दादा, आज 1,40,000 हायत, उरलेले 10 मार्चला,” एवढंच बोलला.

फौंड्रीवाला घाबरला, आणि त्याचं बरोबर होतं. 15 दिवस संपले की 7 फेब्रुवारीपासून महिन्याच्या आत तक्रार दाखल करायची असते. तो मार्चपर्यंत थांबला आणि पैसे आले नाहीत, तर हातातली केसही जाणार. म्हणून दोघांनी पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं. 1,40,000 एनईएफटीनं, शेऱ्यात जुन्या चेकचा नंबर. जुना चेक आणि मेमो परत. उरलेल्या लाखाचा 10 मार्चचा नवा चेक. हा परत आला तर त्यावर नव्यानं केस करता येते, म्हणून फौंड्रीवाल्यानंही सही केली.

तुम्ही मात्र अर्धे पैसे देऊन जुना चेक त्याच्याकडंच ठेवा. “असू दे की, घरचाच माणूस हाय.” मग तो कधीतरी पुन्हा पूर्ण 2,40,000 साठी टाकला जातो. दिलेल्या रकमेची नोंद चेकवर केलेली नसली, तर 2022 च्या निकालानुसार ती केस टिकत नाही. तोवर तुम्ही मात्र कोर्टाच्या पायऱ्या चढता. दोघांचं नुकसान करण्याचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही.

पुढचं थोडक्यात. फौंड्रीवाल्याचं खातं शाहूपुरीतल्या शाखेत आहे, म्हणून 2015 च्या दुरुस्तीनुसार खटला कोल्हापुरातच, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, म्हणजे 4,80,000 पर्यंत, किंवा दोन्ही. मधेच कोर्ट 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं, म्हणजे 48,000, निकाल लागायच्या आधीच.

‘नोटीस मिळालीच नाही’ म्हणणाऱ्याला कोर्टानं एक फट ठेवलीय. समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम भरायची आणि तक्रार फेटाळा म्हणायचं. पण समन्स घेऊन माणूस येईल तेव्हा तुम्ही गावाला गेलेले असणार. स्कूटर अंगणातच असू द्या.