खुलासा: दुष्ट जगनिर्माता प्लेटोचा नव्हे

‘प्लेटोनेच सांगितलंय, हे जग म्हणजे दुष्ट देवाने आत्म्यासाठी बांधलेला तुरुंग आहे.’

नाही. ‘टिमियस’ या संवादातला प्लेटोचा निर्माता चांगला आहे, मत्सर त्याला ठाऊक नाही, म्हणूनच तो जग शक्य तितकं सुंदर घडवतो. देहाला कैद म्हणणारी वाक्यं प्लेटोत आहेत, दुष्ट देव मात्र ग्नॉस्टिकांचा, म्हणजे गूढ ज्ञानानेच मुक्ती मिळते असं मानणाऱ्या प्राचीन पंथांचा. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या ‘योहानाच्या गुप्त ग्रंथा’त यल्दाबाओथ हा उद्धट, अज्ञानी निर्माता आई सोफियाची शक्ती पळवतो, पुढे फसून तीच आदामाच्या निश्चल देहात फुंकतो आणि आदाम हलू लागतो. माणसातली दैवी ठिणगी ती हीच.

आत्म्याला आपल्या दैवी मूळस्थानी परतायची ओढ प्लेटो आणि ग्नॉस्टिक दोघांकडे आहे, गल्लत तिथेच होते. पण तिसऱ्या शतकात प्लेटोचाच अनुयायी प्लोटायनस याने ग्नॉस्टिकांविरुद्ध स्वतंत्र प्रकरण लिहिलं. जगाची ही निंदा त्याला अजिबात खपली नाही.