आईला भाडं दिल्याचं ‘दाखवून’ एचआरए वाचत नाही

“आई-बाबांच्या घरात राहता? मग दर महिन्याची भाडेपावती फाडा आणि एचआरएची पूर्ण सूट घ्या. पैसे खरंच द्यायची गरज नाही, घरातलेच तर आहेत. करारही नको. भाडं वर्षाला एक लाखाच्या आत ठेवलं की पॅन लागत नाही, म्हणजे कोणी विचारतच नाही.”

या सल्ल्यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. आई किंवा वडील घराचे मालक असतील, तुम्ही तिथे राहत असाल आणि भाडं खरोखर देत असाल, तर एचआरएवर, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावर, जुन्या करप्रणालीत सूट मिळते. नव्या प्रणालीत एचआरएची सूटच नाही. आणि ‘पूर्ण’ सूट बहुतेकांना मिळत नाही. 2024-25 या आर्थिक वर्षाचं उदाहरण घेऊ. मुलुंडचा फ्लॅट एकट्या आईच्या नावावर. मुलाचं मूळ वेतन महिना 60,000, एचआरए 24,000, आईला भाडं 22,000. वर्षाचं भाडं 2,64,000. त्यातून वेतनाचे दहा टक्के, म्हणजे 72,000, वजा केले की 1,92,000 उरतात. हाती आलेला एचआरए 2,88,000 आणि मुंबईसाठी वेतनाच्या निम्मी रक्कम 3,60,000. या तिन्हींत जी सर्वांत कमी ती सूट, म्हणजे 1,92,000.

आता पैसे न देण्याबद्दल. सूट आहे ती दिलेल्या भाड्यावर. पावती हा त्याचा फक्त एक पुरावा, आणि तोही सर्वांत दुबळा. फेब्रुवारीत एका बैठकीत, एकाच पेनाने बारा पावत्या लिहिता येतात, हे अधिकाऱ्यालाही माहीत असतं. बँकेतली नोंद मात्र मागच्या तारखेने करता येत नाही. म्हणून दर महिन्याला, पगार झाल्यावर ठरावीक तारखेला, मुलाच्या खात्यातून आईच्या एकटीच्या खात्यात 22,000 जाऊ द्या. दोघांचं संयुक्त खातं यासाठी वापरू नका. पैसे गेल्यावर ते आईचे. त्यातून तिने किराणा आणला, औषधं घेतली, एफडी केली, काहीच अडचण नाही. पण दर 5 तारखेला 22,000 गेले आणि 7 तारखेला तेवढेच परत आले, तर ते भाडं नाही, हे खातेउताराच सांगतो.

घरातल्या घरात करार कशाला, हा प्रश्न भावनेचा आहे, पण महाराष्ट्रात त्याचं उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर, म्हणजे इथे आईवर. आई त्याच घरात राहत असेल तर पूर्ण फ्लॅट भाड्याने दिल्याचं लिहू नका. ‘एक खोली, आणि स्वयंपाकघर व दिवाणखान्याचा सामाईक वापर’ असं खरं ते लिहा. भाडंही त्याच हिशेबात ठेवा. पूर्ण फ्लॅटला परिसरात 45,000 मिळत असतील तर खोलीचे 22,000 पटतात, 40,000 पटत नाहीत.

2017 साली मुंबईच्या आयकर अपीलीय न्यायाधिकरणापुढे आईला रोखीने भाडं दिल्याचा दावा आला होता. करार नाही, सोसायटीला पत्र नाही, बँकेतून पैसे काढल्याचा मेळ नाही. दावा फेटाळला गेला. आईला भाडं देणं गैर, असं कारण तिथे नव्हतं. भाडं दिल्याचं आणि तिथे राहिल्याचं सिद्ध झालं नाही, हे कारण होतं.

एक लाखाची मर्यादा फक्त घरमालकाचा पॅन कंपनीला देण्यापुरती आहे. अधिकारी त्याखालच्या भाड्याचाही पुरावा मागू शकतो. त्यावरच्या भाड्यात मुलाने दिलेल्या पॅनवर आईचं उत्पन्न जुळायला हवं. काही मोठ्या रकमांच्या प्रकरणांत अशी पडताळणी झाल्याचं सीबीडीटीने, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, एप्रिल 2024 मध्ये स्वतःच सांगितलं. आपल्या उदाहरणात आईच्या 2,64,000 मधून 30 टक्के प्रमाणित वजावट जाऊन 1,84,800 उरतात. एफडीचं व्याज एक लाख धरलं तर एकूण 2,84,800. वय साठीपुढचं असेल तर तिला कर शून्य. तरी तिचं रिटर्न भरा आणि त्यात हे भाडं दाखवा. दोन्ही बाजू जुळतात. खोट्या पावत्यांवर सूट घेतल्याचं निघालं, तर कर आणि व्याज भरावं लागतंच, शिवाय त्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो.

सर्वांत जास्त घरं अडकतात ती मालकीवर. फ्लॅट वारलेल्या वडिलांच्या नावावर, आई नॉमिनी, आणि मुलगा आईला भाडं देतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर मुलगाही वारस, म्हणजे त्या घराचा हिस्सेदार, आणि स्वतःच्या मालकीच्या घराला ही सूट नाही. मुलांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव लागलं, की करार करता येतो, आणि सूट त्या करारानंतरच्या महिन्यांची घ्यावी. पण हक्कसोडपत्राने मुलाचा हिस्सा कायमचा जातो. वर्षाचा थोडा कर वाचावा म्हणून ते करू नका. घर आईच्या नावावर असावं असं भावंडांना मनापासून वाटत असेल तरच करा.